‘बजेट फिक्स आहे’ म्हटल्यावर पगाराचं बोलणं पुढे कसं न्यायचं

इंटरव्ह्यूच्या फेऱ्या झाल्या, ऑफर आली, तुम्ही आकडा थोडा वाढवून मागितला आणि फोनवरच्या एचआरने सांगितलं, “बजेट फिक्स आहे, याच्या वर मला अप्रूव्हल मिळणार नाही.” पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा नोकरी बदलणारे बरेच जण इथेच थांबतात आणि ऑफर स्वीकारून मोकळे होतात. मी काही वर्षं या टेबलाच्या पलीकडे, म्हणजे भरती करणाऱ्यांच्या बाजूला बसलो आहे. हे वाक्य तिथून साधारणपणे खोटं नसतं. पण ते पूर्ण उत्तरही नसतं.

त्याचं कारण समजून घ्या. कंपनी तुम्हाला जे पैसे देते ते एकाच कप्प्यातून येत नाहीत. महिन्याचा पगार हा एक कप्पा. त्याला ग्रेडची मर्यादा असते, आणि त्याच टीममध्ये आधीपासून काम करणाऱ्यांच्या पगाराशी तो जुळावा लागतो. जॉइनिंग बोनस एकदाच द्यायचा असतो, दर वर्षी वाढत नाही, म्हणून त्याची मंजुरी वेगळी लागते. नोटीस पीरियड विकत घेण्याचे पैसे अनेक ठिकाणी भरतीच्या खर्चात जातात. आणि पगाराची मांडणी, म्हणजे किती रक्कम पीएफमध्ये, किती भत्त्यात, यात कंपनीचा एक रुपयाही जास्त जात नाही. ‘बजेट फिक्स’ म्हणणारी रिक्रूटर बहुतेक वेळा पहिल्या कप्प्याबद्दल बोलत असते, कारण तुम्ही तेवढंच विचारलेलं असतं.

म्हणून काम एवढंच आहे: नेमकं काय फिक्स आहे ते शोधायचं, आणि जे फिक्स नाही तिथे नीट, एकदाच मागायचं. हे कसं करायचं ते एका उदाहरणावरून बघू. माणूस काल्पनिक, पण आकडे अशा ऑफरमध्ये रोज दिसतात तसेच.

डोंबिवलीला राहणारी, चार वर्षांचा अनुभव असलेली एक डेटा अॅनालिस्ट. सध्या ऐरोलीतल्या कंपनीत, सीटीसी ९ लाख ६० हजार, सगळं फिक्स, व्हेरिएबल नाही. जानेवारीत तिला बीकेसीतल्या एका कंपनीची ऑफर आली: सीटीसी १२ लाख. पंचवीस टक्क्यांची वाढ. घरी पेढे आणायची तयारी झाली. तिने तेरा लाख मागून बघितले, तर उत्तर आलं, बजेट फिक्स आहे.

पहिलं काम: ब्रेकअप मागवा आणि हातात किती येतं ते काढा

त्या फोनवर लगेच काही ठरवायचं नाही. “समजलं. मला सॅलरी ब्रेकअप मेलवर पाठवाल का? बघून उद्या कळवते,” एवढं पुरे. ब्रेकअप, म्हणजे पगाराच्या प्रत्येक घटकाचा तक्ता, मागण्यात काहीही वावगं नाही. कंपनीकडे तो तयारच असतो. देत नसतील, ‘जॉइन झाल्यावर कळेल’ म्हणत असतील, तर ती कंपनीबद्दलचीच माहिती समजा.

आपल्या उदाहरणातला तक्ता असा आला. १२ लाखांपैकी १ लाख २० हजार व्हेरिएबल, म्हणजे वर्षाच्या शेवटी कामगिरीनुसार मिळाले तर मिळणार. उरले १० लाख ८० हजार फिक्स. त्यात बेसिक ५ लाख ४० हजार, महिन्याला ४५ हजार. नव्या कामगार संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येमुळे हल्ली बऱ्याच कंपन्या बेसिक निम्म्याच्या आसपास ठेवतात, त्यामुळे नवीन ऑफरमध्ये असा आकडा दिसला तर नवल नाही. कंपनीचा पीएफचा वाटा बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे वर्षाला ६४,८००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण २६ हजार. हे दोन्ही सीटीसीत धरलेले, पण दरमहा हातात न येणारे. ग्रॅच्युइटी तर सर्वसाधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी केली तरच मिळते.

आता वजाबाकी. १० लाख ८० हजारांतून पीएफ आणि ग्रॅच्युइटी काढली की वर्षाला सुमारे ९ लाख ८९ हजार, म्हणजे महिन्याला ८२,४०० ग्रॉस. त्यातून तिचा स्वतःचा पीएफचा वाटा ५,४०० आणि महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) वजा. हातात आले सुमारे ७६,८००. नवीन कररचनेत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या वार्षिक पगारावर सध्या आयकर पडत नाही, त्यामुळे पूर्ण वर्ष धरलं तरी तिला तिथे काही कापलं जाणार नाही.

सध्याच्या नोकरीचाही असाच हिशेब केला. तिथे बेसिक ३२ हजार, पण पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी महिन्याला १,८००च कापला जातो. ग्रॅच्युइटी १८ हजारांच्या आसपास. हातात येतात ७४,६००.

म्हणजे पंचवीस टक्के वाढीनंतर महिन्याला हातात फरक पडला दोन हजारांच्या जरा वर. डोंबिवलीहून ऐरोलीऐवजी रोज कुर्ल्याला उतरून बीकेसीपर्यंत शेअर रिक्षा केली की त्यातलाही बराचसा गेला.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका, ऑफर वाईट आहे असं नाही. तिच्या पीएफ खात्यात आता दोन्ही वाटे मिळून वर्षाला ८६ हजार जास्त जमा होणार आहेत, आणि ते तिचेच पैसे आहेत. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर १ लाख २० हजार वेगळे. पण हा तक्ता हातात आल्यावर मागण्याची भाषा बदलते. “अजून थोडं वाढवा ना” याच्या जागी नेमकं काय कमी पडतंय ते सांगता येतं. आणि रिक्रूटरला नेमकंच हवं असतं, ते कसं ते पुढे येईल.

दुसरं काम: एप्रिल विसरू नका

हा मुद्दा नवीन माणसाच्या हमखास नजरेतून सुटतो, म्हणून थोडा थांबून सांगतो.

आपल्याकडे बहुतेक कंपन्यांत पगारवाढ एप्रिलपासून लागू होते. ऑफर जानेवारीत आली आहे आणि तिचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे, म्हणजे ती रुजू होणार एप्रिलमध्ये. राजीनामा दिलेल्या माणसाला जुनी कंपनी वाढ देत नाही. नव्या कंपनीत या वर्षीची वाढ आधीच ठरलेली असते, कारण तिथे एक कट-ऑफ तारीख असते. अमुक तारखेच्या आधी रुजू झालेल्यांनाच या वर्षीचं अप्रेझल. तेव्हा तिची पुढची वाढ थेट पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये.

गेल्या वर्षी तिला ९ टक्के वाढ मिळाली होती, तसं पत्र तिच्याकडे आहे. तशीच या वर्षी मिळाली असती तर जुन्या जागीच तिचा पगार १० लाख ४६ हजार झाला असता, तोही सगळा फिक्स. नव्या ऑफरचं फिक्स आहे १० लाख ८० हजार. म्हणजे फिक्स रकमेत खरी वाढ जेमतेम तीन टक्के.

‘माझ्या मैत्रिणीला जास्त मिळतात’ किंवा ‘मुंबईत खर्च फार आहे’ या कारणांवर कुठलीही मंजुरी मिळत नाही. मुंबईत खर्च जास्त आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, तेही विरार-कर्जतहून येतात. हे वरचं कारण मात्र कागदावर मांडता येतं, सिद्ध करता येतं, आणि कुणाला कमी लेखत नाही.

तुमचा महिना वेगळा असेल. ऑगस्टमध्ये बदलत असाल तर जुनी वाढ आधीच खिशात असते आणि हा मुद्दा लागू होत नाही. तेव्हा फक्त नव्या कंपनीचा कट-ऑफ विचारा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बदलत असाल तर तो कट-ऑफ नेमका कधी आहे यावर कधी कधी सबंध एका वर्षाची वाढ अवलंबून असते.

तिसरं काम: फिक्स काय आहे ते विचारा

आता फोन. आधी हे ओळखा की तुम्ही कुणाशी बोलताय. कन्सल्टन्सीचा माणूस असेल तर त्याला तुमच्या वार्षिक सीटीसीवर टक्केवारी मिळते, बऱ्याचदा एका महिन्याच्या पगाराइतकी, म्हणजे ८.३३ टक्के. तुमचा पगार वाढला तर त्याचंही थोडं भलं होतं, पण त्याहून मोठी भीती असते ऑफर फिसकटण्याची. म्हणून तो ‘घेऊन टाका’चा आग्रह धरतो. त्याच्यावर राग काढू नका, पण निर्णय घेणाऱ्यापर्यंत तुमचं म्हणणं त्याच्याच शब्दांत पोचू नये यासाठी मेल लिहून द्या. कंपनीची स्वतःची रिक्रूटर असेल तर तिची डोकेदुखी निराळी. ९० दिवसांच्या नोटिशीत लोक दुसरीकडून ऑफर घेतात आणि रुजूच होत नाहीत. ज्याने ऑफर मनापासून घेतली आहे असा उमेदवार तिला हवा असतो.

दोघांच्याही हातात आकडा ठरवणं नसतं. वाढीव ऑफर द्यायची तर रिक्रूटरला ज्यांच्या टीमसाठी भरती आहे त्या मॅनेजरचा होकार आणि पगार ठरवणाऱ्या विभागाची मंजुरी लागते, आणि त्या विनंतीत कारणाचा एक रकाना भरावा लागतो. तो रकाना तुम्ही भरून द्यायचा. हे एकदा लक्षात आलं की बोलण्यातला ताण बराच कमी होतो, कारण समोरची व्यक्ती तुमचं म्हणणं पुढे नेणारी ठरते.

संवाद साधारण असा जाईल.

“मॅडम, ब्रेकअप बघितला. मला काम आवडलंय आणि मला इथे यायचंच आहे. एक विचारू? बजेट फिक्स आहे म्हणालात, ते फिक्स पगाराचं की एकूण सीटीसीचं?”

“दोन्ही एकच ना. या ग्रेडला एवढंच देता येतं.”

“म्हणजे ग्रेडची वरची मर्यादा आली का?”

“हो, आणि टीममध्ये बाकीचे पण याच रेंजमध्ये आहेत.”

“बरं. मग जॉइनिंग बोनस, नोटीस बायआउट याचं अप्रूव्हल वेगळं असतं की त्यातच येतं?”

इथे शांत राहायचं. बहुतेक जण या प्रश्नानंतरची दोन सेकंदांची शांतता सहन न होऊन स्वतःच बोलून बसतात, “नसेल तर राहू दे.” बोलू नका. पलीकडून “ते मला विचारावं लागेल” आलं, तर दार उघडं आहे.

खरोखर फिक्स असल्याच्या खुणाही असतात. प्रत्येक कप्प्याला नकार मिळतो आणि सोबत कारण सांगितलं जातं. कॅम्पसमधून एकदम घेतलेली फ्रेशर्सची बॅच असेल, सरकारी किंवा निमसरकारी वेतनश्रेणी असेल, किंवा तुम्ही थर्ड पार्टीच्या पेरोलवर असाल आणि क्लायंटने ठरावीक दर बांधून दिला असेल, तर फारशी जागा नसतेच. तिथे ताणत बसू नका. याउलट ‘बजेट फिक्स आहे’ म्हणून पुढच्याच श्वासात ‘पण कितीवर फायनल करशील ते सांग’ असं विचारलं, तर बजेट फिक्स नाही. ‘किती लवकर येऊ शकतेस?’ हा प्रश्न दोनदा आला, तर त्यांना माणूस तातडीने हवा आहे. ती तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

चौथं काम: एकच मेल, एक मुख्य मागणी, तिच्यामागे पर्याय

फोनवरचं बोलणं झालं की त्याच दिवशी मेल. मेल बहुधा इंग्रजीतच जाईल, पण आशय असा ठेवा:

“ऑफरबद्दल आभार. ही भूमिका मला हवी आहे आणि माझी अडचण फक्त एका मुद्द्यापुरती आहे. सध्याचा माझा ९.६ लाखांचा पगार पूर्ण फिक्स आहे आणि एप्रिलमध्ये वाढ अपेक्षित आहे. गेल्या वर्षी ती ९ टक्के होती, पत्र सोबत जोडलं आहे. त्या हिशेबाने ऑफरमधल्या फिक्स रकमेत साधारण ३ टक्क्यांचीच वाढ होते. फिक्स ११.५ लाख करता आलं तर मी लगेच स्वीकारते. ग्रेडमुळे ते शक्य नसेल, तर एक लाखाचा जॉइनिंग बोनस, पीएफ मर्यादेवर ठेवण्याचा पर्याय आणि पुढच्या एप्रिलच्या पूर्ण अप्रेझलला पात्रता, या तीन गोष्टींवर मी स्वीकारायला तयार आहे.”

यातलं ‘लगेच स्वीकारते’ हे वाक्य गाळू नका. मॅनेजर ज्याच्यासाठी वरच्यांकडे शब्द टाकतो, तो माणूस नंतर आणखी मागणार नाही याची त्याला खात्री हवी असते. आणि जे लिहाल ते पाळायची तयारी ठेवा.

आता त्या पर्यायांबद्दल, कारण खरी रक्कम तिथेच आहे.

पीएफचा पर्याय सगळ्यात कमी विचारला जातो. कायद्याने पीएफ महिना १५ हजारांपर्यंतच्या वेतनावर सक्तीचा आहे. त्याहून जास्त वेतनावर कापायचा की नाही हे सध्या कंपनीच्या धोरणावर आहे आणि बऱ्याच कंपन्या रुजू होताना निवड देतात. आपल्या उदाहरणात पीएफ १,८००वर ठेवला तर कंपनीच्या वाट्यातले महिन्याला ३,६०० भत्त्यात येतात आणि तिच्या वाट्यातले ३,६०० कापले जात नाहीत. हातात महिन्याला ७,२०० जास्त, आणि सीटीसी तेवढाच, १२ लाख. कुणाच्या मंजुरीची गरज नाही, फक्त फॉर्मवर एक खूण. अर्थात हे पैसे निवृत्तीच्या साठ्यातून येताहेत. घराचा हप्ता किंवा भाडं डोक्यावर असेल तर घ्या. नसेल तर मी तरी पूर्ण पीएफच ठेवीन. एकदा निवडल्यावर मध्येच बदलू देत नाहीत, म्हणून हे आधीच विचारायचं.

जॉइनिंग बोनस मिळतो तेव्हा त्याच्यासोबत परतफेडीची अट येते: बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत. ती अट शब्दशः वाचा. दोन गोष्टी बघा. अकराव्या महिन्यात सोडलं तर सगळी रक्कम परत की जितके महिने राहिलेत तेवढ्याच प्रमाणात? आणि परत करायची ती कर कापण्याआधीची रक्कम की हातात आलेली? बोनस पगारातच धरला जातो आणि वरच्या उत्पन्नगटात त्यावर चांगलाच कर कापला जातो. मिळालेल्यापेक्षा जास्त परत करायची वेळ येऊ शकते. ‘प्रमाणात’ हा बदल मागितला तर बऱ्याचदा मिळतो, कारण त्यात कंपनीचं आज काही जात नाही.

नोटीस बायआउट तेव्हाच मागा जेव्हा त्यांनाच घाई आहे. तिला ४५ दिवस आधी यायला सांगितलं, तर जुनी कंपनी उरलेल्या ४५ दिवसांचे पैसे कापणार. ते बेसिकवर की ग्रॉसवर हे तिच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं. ग्रॉसवर असेल तर हा आकडा एक लाख पंधरा हजारांच्या घरात जातो. तो नव्या कंपनीने भरायचा. आणि एक खात्री आधी करा: जुनी कंपनी पैसे घेऊन सोडते का, की ‘मॅनेजरच्या मर्जीवर’ अशी ओळ आहे? तशी असेल तर लवकर येण्याचा शब्द देऊ नका.

व्हेरिएबलमधली काही रक्कम फिक्समध्ये हलवून मागता येते, पण ग्रेडनुसार टक्केवारी बांधलेली असते, त्यामुळे नकार आला तर आश्चर्य नाही. त्यापेक्षा विचारा, गेल्या दोन वर्षांत या ग्रेडला सरासरी किती टक्के व्हेरिएबल मिळालं? सरळ उत्तर आलं तर मनातल्या हिशेबात तेवढंच धरा. टाळाटाळ झाली तर निम्मं धरा.

आठवड्यातून दोन दिवस घरून काम, आईवडिलांना ग्रुप मेडिक्लेममध्ये घेणं, हेही मागता येतं. डोंबिवली ते बीकेसी रोज जाऊन-येऊन तीन तास जात असतील तर दोन दिवस घरून काम हे मला जॉइनिंग बोनसहून मोठं वाटतं. पण ते टीमच्या मॅनेजरच्या हातात असतं, एचआरच्या नाही, त्याच्याशीच बोला. आणि असा शब्द मॅनेजर बदलला की उडतो, हे धरून चाला.

काय बिघडतं

एका सभ्य मेलमुळे ऑफर काढून घेतली, असं क्वचितच होतं. बिघडतं ते दुसऱ्या कारणांनी.

एक म्हणजे ऑफर स्वीकारल्याचा मेल पाठवून झाल्यावर पुन्हा आकडा उघडणं. तुमची बाजू भक्कम असते ती लेखी ऑफर आल्यापासून तुम्ही होकार देईपर्यंत. साधारण तीन-चार दिवस. त्याआधी, इंटरव्ह्यूच्या मधेच, ताणलं तर उमेदवारी सुटू शकते, आणि होकारानंतर ताणलं तर नाव खराब होतं. मुंबईत एकाच क्षेत्रातले रिक्रूटर एकमेकांना ओळखतात, हे विसरू नका.

दुसरं, खोटी ऑफर. ‘मला दुसरीकडे साडेतेरा मिळतायत’ म्हटलं की ‘मेल फॉरवर्ड कर’ येतं, आणि मग गोष्ट संपते. सध्याचा पगार फुगवून सांगणं तर त्याहून वाईट. शेवटच्या तीन महिन्यांच्या पेस्लिप मागतात, फॉर्म १६ मागतात, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यूएएनवरची नोकरीची नोंद बघतात. रुजू झाल्यावर सापडलं तर नोकरी जाते, तीही जुना राजीनामा देऊन झाल्यावर. दुसरी खरी ऑफर असेल तर जरूर सांगा, कंपनीचं नाव झाकलं तरी चालतं.

तिसरं, ‘सहा महिन्यांनी बघू’. या वाक्यावर कुणी पगार सोडू नये. सहा महिन्यांनी ती रिक्रूटर स्वतःच दुसऱ्या कंपनीत गेलेली असते. सहा महिन्यांनंतरच्या पुनरावलोकनाची तारीख आणि निकष ऑफर लेटरमध्ये किंवा निदान कंपनीच्या मेलवर लिहून आले, तरच त्याला किंमत.

आणि दोनदा नकार आल्यानंतर तिसऱ्यांदा मागू नका. दुसरं उत्तर हे शेवटचं समजा आणि आधी मनात ठरवलेल्या आकड्याशी ताडून बघा. तो आकडा बोलणी सुरू होण्याआधीच वहीत लिहून ठेवलेला बरा, फोनवर बोलताना तो हमखास घसरतो.

आपल्या उदाहरणात काय झालं असतं

अशा मेलचं उत्तर येतं ते साधारण असं. फिक्स ११.५ लाख: नाही, ग्रेडची मर्यादा. जॉइनिंग बोनस: एक लाख नाही, ७५ हजार, परतफेड महिन्यांच्या प्रमाणात. पीएफचा पर्याय: हो. पुढच्या एप्रिलचं अप्रेझल: एप्रिलच्या १५ तारखेआधी रुजू झाली तर पूर्ण वर्षाचं धरू.

हिशेब असा बसतो. हातात ७६,८०० ऐवजी ८४,०००. जुन्या ७४,६००च्या तुलनेत साडेनऊ हजारांच्या जवळ जास्त. पहिल्या वर्षी ७५ हजार वेगळे, आणि पूर्ण वर्ष धरून पगार, व्हेरिएबल, बोनस सगळं मिळवलं तरी १२ लाख ७५ हजारांच्या खालीच, म्हणजे आयकर नाही. पीएफमधली जास्तीची बचत मात्र गेली, तेवढी तिने स्वतः बाजूला टाकायला हवी. बजेट शेवटपर्यंत १२ लाखच राहिलं. रिक्रूटर खोटं बोलली नव्हती.

हे ठीक वाटत असेल तर घ्या. ती जर वहीत ‘फिक्स ११ लाखांच्या खाली नाही’ असं लिहून बसली असेल, तर मात्र नकार देणं आणि एप्रिलची वाढ घेऊन ऑगस्टमध्ये पुन्हा बाजारात उतरणं हाही सरळ पर्याय आहे.

होकार देण्याआधी सुधारित ऑफर लेटर मागा आणि त्यात चार गोष्टी तपासा: बोनसची रक्कम आणि तो कोणत्या महिन्याच्या पगारासोबत येणार, परतफेडीच्या अटीतला ‘प्रमाणात’ हा शब्द, अप्रेझलबद्दलची ओळ, आणि नवीन नोटीस पीरियड किती दिवसांचा. पीएफची निवड लेटरमध्ये नसते, ती जॉइनिंगच्या फॉर्मात असते. तेवढी मेलवर लिहून घ्या. फोनवर ‘हो हो, ते होऊन जाईल’ म्हणाले असतील तर आपणच लिहा: “आज फोनवर ठरल्याप्रमाणे या चार गोष्टी लेटरमध्ये येतील असं मी समजते,” आणि उत्तराची वाट बघा.

सुधारित लेटर सहीसह हातात येईपर्यंत जुन्या कंपनीत राजीनाम्याचा मेल टाकायचा नाही, मग नवे मॅनेजर कितीही ‘आजच टाक, नोटीस लवकर सुरू होईल’ म्हणोत.